नव्या शहरात आल्यावर मूल शाळेत जात नाही: टप्प्याटप्प्याने परतण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं साधारण सात ते अकरा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहेत. किशोरवयीन मुलांचं शाळा टाळणं बरंच वेगळं असतं, त्यांचा विचार इथे केलेला नाही. मी मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते. गाव बदलल्यानंतर शाळेचा उंबरठा ओलांडता न येणारी मुलं आणि रोज सकाळी हतबल होणारे त्यांचे आईवडील मला वारंवार भेटतात. त्यांनी विचारलेले प्रश्नच इथे घेतले आहेत.

जुन्या शाळेत उड्या मारत जायची. इथेही पहिले काही दिवस गेली. मग अचानक काय झालं?

बहुतेक वेळा ते अचानक झालेलं नसतं, आपल्याला अचानक दिसतं. जुन्या शाळेत मुलाला हजार गोष्टी विचार न करता ठाऊक होत्या. पाण्याचा नळ कुठे आहे, कोणत्या बाई ओरडतात पण मनाने चांगल्या आहेत, मधल्या सुट्टीत डबा घेऊन कुणाशेजारी बसायचं. नव्या शाळेत यातलं प्रत्येक काम नव्याने समजून घ्यावं लागतं, आणि तेही सगळ्यांच्या नजरेसमोर. पहिल्या आठवड्यात नवलाई असते. वर्गातली मुलं स्वतःहून येऊन नाव विचारतात, बाई सांभाळून घेतात. मग नवलाई संपते, सगळे आपापल्या घोळक्यात परततात आणि नवं मूल मैदानाच्या कडेला एकटं उरतं. शाळेची भाषा किंवा माध्यम बदललं असेल तर थकवा दुप्पट होतो, कारण दिवसभर कान टवकारून ऐकावं लागतं.

मग एखाद्या सकाळी पोट दुखतं आणि मूल घरी राहतं. घरी राहता येणार हे कळताच मनावरचं ओझं क्षणात उतरतं. ही सुटकाच पुढच्या अडचणीचं मूळ असते. ‘न गेल्याने बरं वाटलं’ हा धडा शरीर फार लवकर शिकतं. दुसऱ्या दिवशी भीती थोडी वाढलेली असते, कारण आता ‘काल का नाही आलीस?’ हा प्रश्नही तिथे वाट पाहत असतो. बुडलेला अभ्यास त्यात भर घालतो. म्हणून नकार ज्या कारणाने सुरू झाला आणि ज्या कारणाने टिकून राहिला, ती दोन कारणं पुष्कळदा वेगळी असतात. आपल्याला दोन्हींवर काम करायचं आहे.

रोज सकाळी पोटदुखी, मळमळ, डोकेदुखी. खरंच दुखतं की नाटक आहे?

दुखतं. भीतीने आतडी आवळली जातात, तोंडाला कोरड पडते, उलटीही होते. मुलाला ‘नाटक करू नकोस’ म्हटलं की ते दुखणं पटवून देण्यासाठी आणखी जोर लावतं, आणि सकाळ त्या वादातच संपते.

तरीही एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. त्याआधी आठवडाभर दुखण्याच्या वेळा लिहून ठेवा. भीतीमुळे होणारी पोटदुखी बहुधा बेंबीभोवती असते, शाळेच्या दिवशी सकाळी येते, शाळेची वेळ टळली की ओसरते, सुट्टीच्या दिवशी गायब होते आणि सुट्टी संपण्याच्या संध्याकाळी पुन्हा डोकं वर काढते. याउलट दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, ताप येत असेल, शौचात रक्त दिसत असेल किंवा सुट्टीतही दुखत असेल, तर त्याचं कारण शाळेवर ढकलू नका. तपासणी तातडीने करा.

तपासणीत काही निघालं नाही, तर मुलाला एकदाच शांतपणे सांगा: ‘तुझं पोट खरंच दुखतंय, डॉक्टरांनी पाहिलंय, हे दुखणं धोक्याचं नाही. ते घेऊनही आपण ठरलेल्या वेळी निघणार आहोत.’ मग दर पाच मिनिटांनी ‘आता कसं वाटतंय?’ विचारू नका. त्या विचारण्याने मुलाचं लक्ष पुन्हा पोटाकडेच जातं.

हे म्हणजे दांडी मारणंच ना?

नाही. दांडी मारणारं मूल घरच्यांपासून लपवतं आणि तो वेळ बाहेर घालवतं. इथे मूल घरीच असतं, आईवडिलांना माहीत असतं, आणि शाळेचा विषय निघताच ते कासावीस होतं. म्हणून शिक्षा वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

‘काय झालं?’ विचारलं की ‘काही नाही’ म्हणते. कारण कसं शोधायचं?

‘का’ विचारणं सोडा आणि दिवसाचे तुकडे करा. या विषयावर दीर्घकाळ काम केलेले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर कर्नी यांनी एक उपयोगी मांडणी केली आहे: शाळा टाळून मुलाला काय साधतं, हे पाहायचं. शाळेतल्या एखाद्या गोष्टीने मनात दाटणारी घालमेल टळते का? लोकांसमोर बोलणं, वाचणं, कुणीतरी आपल्याला जोखणं टळतं का? आईवडिलांचा सहवास मिळतो का? की घरी टीव्ही, मोबाइल, खेळ अशी मजा मिळते? एका मुलात दोन-तीन कारणं एकत्र असू शकतात, आणि योजना त्यानुसार बदलते.

मी मुलांना शाळेच्या दिवसाची एक पट्टी काढायला सांगते: घरून निघणं, फाटक, परिपाठ, पहिला तास, मधली सुट्टी, स्वच्छतागृह, शेवटची घंटा. प्रत्येकापुढे शून्य ते दहा यांपैकी एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे अगदी निवांत, दहा म्हणजे अशक्य. जे मूल ‘शाळा आवडत नाही’ यापलीकडे एक शब्द बोलत नव्हतं, ते गणिताच्या तासापुढे तीन आणि मधल्या सुट्टीपुढे नऊ लिहितं. ‘शाळा’ नावाचं एकसंध संकट फुटून त्यात काही सोप्या जागा दिसायला लागतात, पालकांना आणि मुलालाही. हे काम सकाळच्या गडबडीत करू नका. संध्याकाळी, पोट भरलेलं असताना, शेजारी बसून करा.

थोडे दिवस घरी राहू दिलं तर आपोआप सावरेल का? की उचलून नेऊन बसवावं?

नकार सुरू होऊन दोन आठवडे झाले नसतील, तर अनेक मुलं दिनचर्या पक्की ठेवल्याने आणि बाईंच्या थोड्या मदतीने सावरतात. अशा वेळी लांबलचक योजना नको, थेट पूर्ण दिवसाचाच प्रयत्न करा. चार दिवसांच्या नकारासाठी महिनाभराची शिडी उभारली, तर मुलाला वाटतं की प्रकरण खरोखरच भयंकर असणार.

त्यापुढे मात्र नुसतं थांबणं महागात पडतं. घरी गेलेला प्रत्येक आठवडा परतीचा रस्ता लांबवतो. ओढत नेणंही मला पटत नाही. काही मुलं पहिल्या दिवशी जातात, पण त्या दिवशी ती भीतीतून बाहेर पडायला शिकत नाहीत, आपल्याला कुणी ऐकत नाही एवढंच शिकतात. टप्प्याटप्प्याने परतणं हा मधला मार्ग आहे, आणि तो बोटचेपा नाही. टप्पा लहान असतो, पण ठरला की पाळायचा असतो.

टप्पे ठरवायचे कसे? एखादं उदाहरण पूर्ण सांगाल का?

सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, दोन-तीन मुलांचे अनुभव मी एकत्र केले आहेत.

चौथीतली नऊ वर्षांची मुलगी. वर्षाच्या मध्यावर वडिलांची बदली झाली. नव्या शाळेत दोन आठवडे गेली, मग पोटदुखी सुरू झाली, आणि भेटीला आली तेव्हा तीन आठवडे घरी होती. वर्गातले सूचनांचे शब्द तिच्या ओळखीचे नव्हते. पट्टीवर आकडे असे आले: चित्रकलेचा तास चार, इतर तास पाच-सहा, सकाळचं फाटक आठ, मधली सुट्टी नऊ. बोलता बोलता कळलं की स्वच्छतागृहाला जायची परवानगी कशी मागायची हे माहीत नसल्याने ती शाळेत पाणीच पीत नव्हती. आणखी एक गोष्ट हळूच निघाली: ‘आईची इथे कुणाशीच ओळख नाही, ती एकटी घरी रडते.’ म्हणजे शाळेची भीती आणि आईला सोडून जाण्याची काळजी, दोन्ही होत्या.

तिचा शाळेचा दिवस आठ तासिकांचा होता आणि चौथ्या तासिकेनंतर मधली सुट्टी. साहजिक विचार असा येतो की सकाळी एक तास बसवावं आणि हळूहळू वाढवावं. पण तिला सकाळचं फाटक फार जड होतं. शिवाय लवकर घरी जाणाऱ्या मुलीकडे सगळा वर्ग वळून पाहतो. म्हणून आम्ही दिवस उलट्या टोकाकडून धरला. सुरुवात शेवटच्या तासिकेपासून. यात सुटण्याची वेळ घंटाच ठरवते, सगळ्यांसोबत बाहेर पडता येतं आणि ‘मी शाळा पूर्ण करून आले’ ही भावना घेऊन मूल घरी येतं.

पहिल्या आठवड्याचे सुरुवातीचे दोन दिवस शाळा सुटल्यावर रिकाम्या इमारतीत गेले. वर्गशिक्षिकेने तिला वर्ग, तिचं बाक आणि स्वच्छतागृह दाखवलं. परवानगीसाठी शब्दांची गरज पडू नये म्हणून बाकावर एक रंगीत कार्ड ठेवायचं ठरलं. मग तीन दिवस फक्त आठवी तासिका, आणि त्यातला पहिला दिवस मुद्दाम चित्रकलेचा निवडला. दुसऱ्या आठवड्यात सातवी आणि आठवी, मग सहावीपासून. आठवड्याच्या शेवटी ती मधली सुट्टी संपल्यावर येऊन चार तासिका बसत होती.

तिसऱ्या आठवड्यात गाडी अडली. पुढचा टप्पा मधल्या सुट्टीसह होता. ती फाटकापर्यंत आली आणि थरथरायला लागली. चार तासिका जमतात म्हणून अर्धा तास जमेलच, असा हिशेब इथे लागू पडत नाही. तासात काय करायचं ते बाई सांगतात, सुट्टीत कुणीच सांगत नाही. आम्ही तो टप्पा फोडला. आधी सुट्टीची शेवटची दहा मिनिटं, ती ग्रंथालयात, वर्गातल्या एका शांत मुलीसोबत पुस्तकं लावण्याचं काम करत. मग पूर्ण सुट्टी ग्रंथालयात. मग डबा वर्गात त्याच मुलीबरोबर आणि उरलेला वेळ मैदानात. याला सहा शाळेचे दिवस लागले.

त्यानंतर तिसरी-चौथी तासिका लवकर जोडल्या गेल्या. शेवटी सकाळचं फाटक उरलं. इथे सोडायला आईऐवजी वडील जायला लागले, कारण आईचा हात सोडणं अधिक जड होतं. परिपाठाच्या गर्दीआधी पाच मिनिटं पोहोचायचं आणि वर्गशिक्षिकेला वह्या वाटायला मदत करायची, असं ठरलं. सहाव्या आठवड्यात ती पूर्ण दिवस बसली. दरम्यान आईनेही घराबाहेर ओळखी करायला सुरुवात केली आणि ‘आज मी कुठे गेले होते’ हे ती संध्याकाळी मुलीला सांगायला लागली. या एका गोष्टीचा उपयोग मला बाकी अनेक गोष्टींइतकाच वाटतो.

पुढच्या टप्प्यावर कधी जायचं?

भीती शून्यावर येण्याची वाट पाहू नका. त्या टप्प्याच्या सुरुवातीचा आकडा साधारण निम्म्यावर आला आणि सलग दोन-तीन दिवस मूल पूर्ण वेळ थांबलं, की पुढे सरका. एका टप्प्यावर आठवड्याहून जास्त रेंगाळलात तर तोच मुलाचा ‘पूर्ण दिवस’ होऊन बसतो आणि मग हलवणं कठीण जातं. रोज आकडा लिहून ठेवा, निघण्याआधी एक आणि परत आल्यावर एक. बहुतेक दिवशी आधीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा मोठा निघतो, आणि हे मुलाने स्वतःच्या अक्षरात पाहणं तुमच्या समजावण्यापेक्षा जास्त काम करतं.

फाटकावर रडायला लागली तर परत आणायचं का?

संपूर्ण योजनेत मी सगळ्यांत जास्त जपते ती गोष्ट हीच: परतायची वेळ घड्याळाने ठरवायची, रडण्याने नाही. भीती एका उंचीपर्यंत चढते, थोडा वेळ तिथे राहते आणि मूल जागेवर थांबलं तर उतरते. अगदी चढलेली असताना आपण घरी नेलं, तर ती आपोआप उतरते हे मुलाला कधी अनुभवायलाच मिळत नाही.

म्हणून टप्पा असा निवडा की रडत असतानाही तो पुरा करता येईल. वर्गात जाणं जमलंच नाही, तर वर्गाबाहेरच्या बाकावर किंवा ग्रंथालयात ठरलेली वेळ संपेपर्यंत बसा. टप्पा जागेत लहान झाला तरी चालेल, वेळेत कापू नका.

निरोप छोटा ठेवा. एक ठरलेलं वाक्य, एक मिठी, आणि मुलाला नेमक्या माणसाच्या हाती देऊन निघा. ‘शेवटच्या घंटेला मी याच झाडाखाली आहे’ एवढं पुरे. आणि त्या वेळी खरोखर तिथे उभे राहा, पाच मिनिटंही उशीर नको. कोपऱ्यावर थांबून डोकावू नका. नजर चुकवून पळूनही जाऊ नका, त्याने दुसऱ्या दिवशी हात आणखी घट्ट धरला जातो.

उरलेला वेळ घरी असते. तेव्हा काय करू द्यायचं?

शाळेच्या वेळेत घर थोडं कंटाळवाणं असू द्या. उठणं, अंघोळ, गणवेश, सगळं शाळेच्या वेळेनुसार. वही-पुस्तकं टेबलावर. शाळेच्या तासांत स्क्रीन बंद: टीव्ही, मोबाइल, संगणकावरचे खेळ नाहीत. ही शिक्षा नाही, आणि ती तशी वाटणार नाही अशा आवाजात सांगा. सोबतीला लाडाच्या गप्पा, बाहेर फिरणं हेही शाळेची वेळ संपल्यावर. घरी कामावर असलेल्या पालकाने ‘मी आता कामात आहे’ असं म्हणणं योग्यच आहे. शाळा सुटण्याची वेळ झाली की मात्र मन भरून सोबत द्या, तीही रोज, टप्पा जमला असो वा नसो.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना आधी विश्वासात घ्या. आई-बाबा ठाम आणि आजी ‘राहू दे गं आजचा दिवस’ म्हणते, असं झालं की मूल रोज सकाळी नव्याने वाटाघाटी सुरू करतं.

शाळेकडे नेमकं काय मागायचं?

खूप मागू नका, पण लेखी मागा. पहिलं, एक ठरलेली व्यक्ती, जी रोज दारात मुलाला घेईल, आणि ती नसेल त्या दिवशी दुसरी कोण हेही. दुसरं, बसायला एक शांत जागा आणि तिथे किती मिनिटं थांबता येईल याची मर्यादा. मर्यादा नसेल तर ती जागाच लपण्याची जागा होते. तिसरं, बुडलेल्या अभ्यासातलं काय सोडून द्यायचं याची यादी. हे शाळा सहसा आपणहून सुचवत नाही, आणि वह्यांचा ढीग पाहून परतलेलं मूल पुन्हा अडतं. वर्गाला काय सांगायचं हे मुलाला विचारून ठरवा. ‘काही दिवस बरं नव्हतं, आता येतेय’ हे उत्तर आरशासमोर दोन-चारदा म्हणून पाहिलं की त्या प्रश्नाची धार जाते.

‘आपण परत आपल्या जुन्या गावी जाऊ या’ असंच म्हणत राहते. काय उत्तर द्यावं?

परत जायचं नसेल तर ‘बघू’ म्हणू नका. ‘बघू’ या शब्दावर मूल महिनोन्‌महिने जगतं आणि इथे मुळं धरायचं टाळतं. ‘तिथली आठवण येते, मलाही येते. आपण इथेच राहणार आहोत’ ही दोन वाक्यं एकत्र म्हणा. जुन्या मैत्रिणीशी बोलणं तोडू नका, पण त्याला शाळेनंतरची ठरलेली वेळ द्या. सकाळी निघण्याआधीचा फोन बहुधा पाय मागे खेचतो. सोबत नव्या वर्गातल्या एकाच मुलीला घरी खेळायला बोलवा. दहा जणींच्या ओळखीपेक्षा दारात वाट पाहणारी एक ओळखीची मुलगी जास्त कामाची.

सगळं सुरळीत झालं होतं. सुट्टीनंतर पुन्हा नकार.

असं होतंच. आठवड्याचा पहिला दिवस, आजारपणानंतरचा दिवस आणि मोठ्या सुट्टीनंतरचा दिवस हे ठरलेले घसरडे दिवस आहेत. सुट्टी संपायच्या तीन-चार दिवस आधीपासून झोपेच्या वेळा पूर्ववत करा, शाळेपर्यंत एक फेरी मारून या, त्या एका मैत्रिणीला भेटू द्या. तरी घसरण झाली तर शिडीच्या तळाशी जाऊ नका. एक किंवा दोन टप्पे मागे या आणि त्याच आठवड्यात पुन्हा वर चढा.

ही योजना कुणासाठी चुकीची आहे?

शाळेत मारहाण, चिडवणं, पैसे उकळणं किंवा कुणा मोठ्याकडून त्रास होत असेल, तर आधी तो थांबला पाहिजे. खऱ्या धोक्याची सवय लावायची नसते. एका ठराविक व्यक्तीचं नाव निघताच मूल गप्प होणं, फाटलेले कपडे, हरवणाऱ्या वस्तू, अंगावरचे वळ याकडे नीट पाहा. वाचन-लेखनात खरी अडचण असेल किंवा आवाज-गर्दी सहनच होत नसेल, तर त्याची तपासणी हवी. नुसतं शाळेतला वेळ वाढवल्याने ती अडचण जात नाही.

दोन-तीन आठवडे नीट प्रयत्न करूनही एकही टप्पा टिकत नसेल, मूल शाळेपलीकडेही खेळणं-हसणं सोडून बसलं असेल किंवा झोप आणि जेवण बिघडलं असेल, तर बालमानसशास्त्रज्ञ किंवा बालमनोविकारतज्ज्ञांकडे जा. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, या प्रश्नासाठी सर्वाधिक अभ्यासली गेली आहे. औषध लागेल का हे तज्ज्ञच ठरवतील, बहुधा ती पहिली पायरी नसते. ‘मी नसते तर बरं झालं असतं’ अशासारखं बोलणं किंवा स्वतःला इजा करणं दिसलं, तर शाळेची योजना बाजूला ठेवा, मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.